‘अनसेंटेड’ साबण वापरूनही न थांबलेली खाज: एका इसबाच्या रुग्णेचे प्रकरण

या लेखातील रुग्णा ही कोणी एक व्यक्ती नाही. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात पुन्हा पुन्हा समोर येणारे अनुभव एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. त्यातील तपासणी, घटक आणि नियम मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या, वयाने तिशी ओलांडलेल्या या बाईंना लहानपणापासून इसब होते. कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत हिवाळ्यात चट्टे उठायचे, मलम लावले की आटोक्यात यायचे, आणि त्यांनी या दुखण्याशी बऱ्यापैकी जुळवून घेतले होते. अलीकडे मात्र त्याची जागा बदलली. मानेच्या दोन्ही बाजू, पापण्या, काखेचा मधला भाग सोडून तिच्या कडा, आणि परकराची नाडी बसते तो कमरेचा पट्टा, अशा ठिकाणी लालसर, खाजरे, मधूनच लस येणारे चट्टे दिसू लागले. हा तपशील महत्त्वाचा आहे. काखेच्या मध्यभागापेक्षा कडा अधिक बिघडल्या असतील, तर संशय अंगाला फासल्या जाणाऱ्या डिओडरंटपेक्षा कापडाकडे अधिक जातो, कारण कापड घासते ते कडांवर. पापण्या आणि मान या जागा पातळ कातडीच्या आहेत. डोक्यावरून वा हातावरून आलेला थोडासा पदार्थही तेथे पुरळ उठवतो, मग हातांवर किंवा टाळूवर काहीही दिसत नसले तरी.

बाईंनी स्वतःहून बराच विचार केला होता. अत्तर आणि सुवासिक केशतेल त्यांनी बंद केले होते. न्यू जर्सीला राहणाऱ्या भावाने तिकडून अंगाची वडी पाठवली होती, तिच्यावर ‘अनसेंटेड’ असे ठळक छापलेले होते. कपड्यांसाठी त्यांनी तसेच लेबल असलेले द्रव डिटर्जंट ऑनलाइन मागवले होते आणि नेहमीच्या पावडरीच्या कितीतरी पट पैसे मोजले होते. तीन महिन्यांत फरक पडला नाही. त्यामुळे सुगंधाचा आपल्या त्रासाशी संबंध नाही असे त्यांनी ठरवून टाकले होते, आणि त्यांचा युक्तिवाद ऐकायला अगदी सरळ होता: “डॉक्टर, वडी नाकाला लावली तरी वास येत नाही, मग सुगंधाचा त्रास होणार कसा?”

त्यांना पुढच्या वेळी घरातील सर्व साबण, डिटर्जंट आणि त्यांची वेष्टने घेऊन यायला सांगितले. केवळ नावे लिहून आणली तर उपयोग होत नाही, कारण एकाच कंपनीच्या एकाच नावाखाली सुगंधी आणि बिनसुगंधी अशा दोन्ही वड्या असतात आणि वेष्टनाचा रंगही सारखाच असतो.

अमेरिकेहून आलेल्या वडीच्या घटकयादीत, ग्लिसरीन आणि मिठाच्या पुढे, ‘मास्किंग फ्रेग्रन्स’ असे दोन शब्द होते. बाईंनी यादी वाचली होती, पण त्या शब्दांचा अर्थ वास घालवणारे काहीतरी असावे असा घेतला होता. त्यांची ही समजूत अगदीच चुकीची नव्हती, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. साबण ज्या तेलांपासून आणि चरबीपासून बनतो, त्या कच्च्या मालाला स्वतःचा तेलकट, किंचित खवट वास असतो. डिटर्जंटमधील सफाई द्रव्यांनाही रासायनिक दर्प असतो. उत्पादकाने काहीच घातले नाही तर वडीला गुलाबाचा वास येणार नाही हे खरे, पण ती निर्गंधही असणार नाही. हा मूळ दर्प दबावा म्हणून अल्प प्रमाणात सुगंधी रसायने घालतात, इतक्या प्रमाणात की एक वास दुसऱ्याला झाकतो आणि नाकाला दोन्ही ओळखू येत नाहीत. अशा मालाला ‘अनसेंटेड’ म्हणण्यात खोटेपणा नाही, कारण त्याला खरोखरच वास येत नाही. पण त्यात सुगंधी द्रव्य आहे.

‘फ्रेग्रन्स-फ्री’ हा दावा याहून वेगळा आहे. तो वासाविषयी नसून घटकांविषयी आहे, म्हणजे सुगंध देण्यासाठी किंवा वास झाकण्यासाठी कोणतेही सुगंधी द्रव्य घातलेले नाही, असे त्यातून सांगायचे असते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ‘सेफर चॉइस’ नावाने घरगुती सफाईच्या मालाला प्रमाणपत्र देते. तिची फ्रेग्रन्स-फ्री खूण मिळवायची तर वास झाकणारी द्रव्येही असता कामा नयेत, आणि अनसेंटेड मालात अशी द्रव्ये असू शकतात हे ती संस्था वेगळे नमूद करते. मात्र अशा प्रमाणपत्राची खूण नसलेल्या मालावर छापलेला शब्द हा कंपनीचा स्वतःचा शब्द असतो. वास झाकणारे काहीच घातलेले नसल्याने खरा फ्रेग्रन्स-फ्री माल कधीकधी किंचित तेलकट किंवा औषधी वासाचा असतो, आणि दुकानात नाकाने पारख करणारी व्यक्ती नेमका तोच बाजूला ठेवते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक अनसेंटेड मालात सुगंधी द्रव्य असतेच असे नाही. काही उत्पादक वास अडकवून ठेवणारे सायक्लोडेक्स्ट्रिनसारखे पदार्थ वापरतात, आणि ते सुगंधाच्या ॲलर्जीच्या दृष्टीने निरुपद्रवी असतात. तेव्हा ‘अनसेंटेड’ हा शब्द दिसला की माल फेकून द्यावा असे नाही. तो शब्द आपल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, एवढेच.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. वास नाही, तर त्रास का? नाकातील गंधपेशी आणि त्वचेतील रोगप्रतिकारक पेशी यांचा एकमेकींशी संबंध नाही. सुगंधी रेणू आकाराने लहान आणि तेलात विरघळणारे असतात, त्यामुळे ते त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत शिरतात, तेथील प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्या जोडीला परके समजू लागते. एकदा ही ओळख पटली की पुढे तोच रेणू फार थोड्या प्रमाणात आला तरी एक-दोन दिवसांनी पुरळ उठते, आणि ही ओळख सहसा अनेक वर्षे पुसली जात नाही. इसब असलेल्या त्वचेत वरचा थर आधीच कमकुवत असतो. अनेक रुग्णांमध्ये फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्यामागे असतो, आणि हे 2006 साली दाखवले गेले. अशा त्वचेत बाहेरचा पदार्थ अधिक सहज शिरतो. त्यामुळे निरोगी माणसाला झाकलेल्या वासाची वडी आयुष्यभर निभावून जाईल, पण ॲलर्जी जडलेल्या इसबाच्या रुग्णाला ती निभावेलच असे नाही. एक-दोन दिवसांची ही दिरंगाईच घरच्या घरी कारण शोधणाऱ्यांना चकवते, कारण सोमवारी नवीन साबण लावला आणि बुधवारी खाज सुटली, तर बहुतेक जण बुधवारी काय खाल्ले तेच आठवत बसतात.

तरीही संशय हा निदान नव्हे. बाईंची पॅच टेस्ट केली. पाठीवर लहान वाट्यांमधून प्रमाणित पदार्थ चिकटपट्टीने बसवले आणि 48 तासांनी काढले. निकाल एकदा काढताना, एकदा चौथ्या दिवशी आणि एकदा सातव्या दिवशी वाचला. त्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही, आणि आधी काही दिवस पाठीवर स्टिरॉइडचे मलम लावायचे नाही. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित मालिकेत सुगंधी मिश्रण, पेरू बाल्सम नावाचा एका झाडाचा सुवासिक चीक, निकेल आणि गाजरगवत अर्थात पार्थेनियम यांचा समावेश असतो. गाजरगवताची चाचणी पुण्याच्या रुग्णेसाठी वगळून चालत नाही. हे तण भारतात प्रथम 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरातच नोंदले गेले, आणि त्याच्या ॲलर्जीत मान आणि पापण्या याच जागा बिघडतात. ते निदान चुकले तर साबण बदलत वर्षे जातात.

बाईंची गाजरगवताची चाचणी नकारात्मक आली. निकेल सौम्य सकारात्मक होते, पण त्याचा संबंध खोट्या दागिन्यांशी होता, आताच्या चट्ट्यांशी नव्हता. सुगंधी मिश्रणाला मात्र चौथ्या दिवशी दोन अधिक दर्जाची प्रतिक्रिया दिसली, म्हणजे लाली, सूज आणि बारीक फोड. पेरू बाल्समला एक अधिक दर्जाची आली. हे मिश्रण एका अत्तराचे नसून आठ द्रव्यांचे असते. त्यात दालचिनीतील सिनॅमल, लवंगेतील युजेनॉल, गुलाबात आणि इतर फुलांत आढळणारे जेरॅनिऑल, ओकमॉस या शेवाळसदृश दगडफुलाचा अर्क यांचा समावेश असतो. दालचिनी, लवंग, दगडफूल म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातीलच मंडळी. त्यामुळे ‘नैसर्गिक’, ‘वनौषधी’ असे लिहिलेल्या साबणाने सुगंधाचा प्रश्न सुटतो ही समजूत टिकत नाही.

येथे एक सावधगिरी नोंदवतो. बाईंचे डिटर्जंट जसेच्या तसे पाठीवर लावून पाहावे, असे त्यांच्या यजमानांनी सुचवले होते. ते करू नये. न विरळलेले डिटर्जंट किंवा साबण बंद पट्टीखाली दोन दिवस ठेवला, तर निरोगी त्वचाही भाजल्यासारखी लाल होते आणि तो डाग ॲलर्जी म्हणून वाचला जातो. घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे, पण ती क्रीम किंवा तेलासारख्या अंगावर राहणाऱ्या पदार्थांपुरतीच. हाताच्या आतल्या बाजूला एका लहान जागी दिवसातून दोनदा, एक-दोन आठवडे तो पदार्थ लावून पाहतात. धुऊन टाकायच्या पदार्थाला ती लागू पडत नाही.

निकाल हाती आल्यावर वेष्टनांचे वाचन पुन्हा झाले. युरोपीय संघात 2005 पासून 26 सुगंधी द्रव्यांची नावे वेगळी छापावी लागतात, धुऊन टाकायच्या मालात ती 0.01 टक्क्यांहून अधिक असली तर आणि अंगावर राहणाऱ्या मालात 0.001 टक्क्यांहून अधिक असली तर. 2023 साली ही यादी 80 च्या पुढे नेण्यात आली. अमेरिकेत संसदेने 2022 च्या कायद्याने औषध प्रशासनाला अशा ॲलर्जीकारक द्रव्यांचा नियम करायला सांगितले, पण वेष्टनावर अजूनही बहुतेक वेळा ‘फ्रेग्रन्स’ हा एकच शब्द असतो. भारतात अंगाच्या साबणावर घटकयादी असते, पण तीत सुगंध ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या एका शब्दात गुंडाळलेला असतो, आणि कपड्यांच्या पावडरीच्या पाकिटावर तर पूर्ण यादी क्वचितच सापडते. म्हणून बाईंना वाचनाचा क्रम पुढच्या लेबलवरून सुरू न करता मागच्या बाजूने करायला सांगितला: आधी परफ्यूम, पार्फम, फ्रेग्रन्स, अरोमा यांपैकी शब्द शोधायचा, मग लिनालूल, लिमोनीन, सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल, युजेनॉल अशी सुटी नावे, आणि शेवटी वनस्पतींचे अर्क व तेले. यादीच नसेल तर वास येवो वा न येवो, तो माल सध्या बाजूला ठेवायचा.

बाईंच्या द्रव डिटर्जंटवर यादी नव्हती. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘वास निवारक सुगंध’ असा उल्लेख सापडला. शिवाय एक गोष्ट त्यांनी सांगितलीच नव्हती, कारण ती त्यांना डिटर्जंट वाटत नव्हती. यंत्राच्या दुसऱ्या कप्प्यात सासूबाई दर धुण्याला कपडे मऊ करणारे कंडिशनर ओतत असत. या प्रकरणात माझ्या मते सर्वांत मोठा वाटा त्याचा होता. डिटर्जंट खळबळून निघून जावे म्हणून बनवलेले असते आणि कंडिशनर मागे राहावे म्हणून. त्यातील धनभारित द्रव्य कापडाच्या धाग्याला चिकटते, आणि काही मालात सुगंध सूक्ष्म कुप्यांत भरलेला असतो, ज्या कपडा घासला की फुटतात. बगल, मान, कमर या तर घर्षणाच्याच जागा.

डिटर्जंटविषयी तोल राखायला हवा. नीट खळबळलेल्या कपड्यात उरलेल्या डिटर्जंटमुळे ॲलर्जीचे पुरळ उठणे हे अनेकांना वाटते तितके नेहमीचे नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अमेरिकी अभ्यासात त्वचेच्या ॲलर्जीचा संशय असलेल्या 738 रुग्णांवर विरळ डिटर्जंटची चाचणी केली असता एक टक्क्याहूनही कमी जणांना प्रतिक्रिया आली. त्यामुळे घरात इसबाचे मूल असले की सर्वप्रथम पावडर बदलण्याची जी रीत आहे, ती बऱ्याचदा निष्फळ ठरते. अंगाला थेट चोळली जाणारी वडी, हाताने कपडे-भांडी करताना होणारा संपर्क आणि कंडिशनर यांचा क्रम माझ्या दृष्टीने पावडरीच्या आधी लागतो.

उपाययोजना साधी होती, पण अर्धवट केली तर निरर्थक ठरली असती. अंगाच्या वडीऐवजी घटकयादीत एकही सुगंधी द्रव्य नसलेला, साबणविरहित आम्लधर्मी क्लेन्झर दिला. नेहमीच्या साबणाचा सामू म्हणजे पीएच 9 ते 10 च्या घरात असतो आणि त्वचेचा 5 च्या आसपास, त्यामुळे सुगंध नसलेला खरा साबणही इसबाच्या त्वचेला कोरडे पाडतो. ही ॲलर्जी नव्हे, निव्वळ क्षोभ आहे, आणि फ्रेग्रन्स-फ्री हा शब्द त्याविषयी काहीच सांगत नाही. कपड्यांसाठी घटकयादी जाहीर करणारे फ्रेग्रन्स-फ्री डिटर्जंट निवडले, कंडिशनर संपूर्ण बंद केले. यंत्राचा कंडिशनरचा कप्पा काढून गरम पाण्याने धुतला आणि यंत्र एकदा रिकामेच गरम पाण्यावर चालवले. मग अंगाला सर्वाधिक वेळ लागणारे कपडे आधी घेतले: उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल, आतले कपडे, परकर. प्रत्येक खेप दोनदा धुतली आणि एक जादा खळबळ दिली. पॉलिस्टरच्या साड्या आणि ब्लाउज सर्वांत शेवटी निवळले, कारण तेलकट सुगंधी रेणू सुतीपेक्षा कृत्रिम धाग्यात अधिक धरून राहतात. बँकेतील हात धुण्याचा हिरवा द्रव आणि घरातील लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण यांची आठवण बाईंनाच झाली. पहिल्यासाठी त्या आपल्या क्लेन्झरची लहान बाटली बरोबर नेऊ लागल्या. भांडी घासणाऱ्या मावशींनी मात्र वास नसलेल्या वडीने भांडी स्वच्छ झाल्यासारखी वाटत नाहीत असे स्पष्ट सांगितले, आणि शेवटी लिंबाची वडी मावशींसाठी राहिली, बाईंनी तिला हात लावायचे बंद केले.

तुलना करता यावी म्हणून या काळात दुसरे काही बदलू नये असे ठरले होते. आहार तोच, मलम तेच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कमरेचा पट्टा कोरडा पडला, चौथ्या आठवड्यात मान निवळली. पापण्या सर्वांत मागे राहिल्या, आणि त्यांचे कारण उशीच्या जुन्या खोळीत सापडले, कारण अभ्रे धुतले होते पण आतली खोळ नाही.

दिवाळीत पुन्हा उठाव झाला. पहिल्या दिवशीच्या अभ्यंगस्नानाला घरात उटणे होते, आणि त्यात कपूरकाचरी, वाळा, नागरमोथा, आंबेहळद, वरून गुलाबाचे अर्क. मानेवर तिसऱ्या दिवशी चट्टा आला. दोष उटण्याला द्यायचा की त्याबरोबर लावलेल्या सुवासिक तेलाला, हे या एका प्रसंगातून ठरवता येणार नाही, पण दोन्हीत सुगंधी वनस्पती असल्याने बाईंसाठी उत्तर एकच होते. पुढच्या वर्षी साध्या खोबरेल तेलाने आणि बेसनाने स्नान करायचे त्यांनी मान्य केले.

फ्रेग्रन्स-फ्री लेबलवरही डोळे झाकून विसंबता येत नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते. 2017 साली अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या 174 मॉइश्चरायझरांच्या अभ्यासात फ्रेग्रन्स-फ्री म्हणवणाऱ्यांपैकी 45 टक्क्यांत सुगंधाशी संबंधित द्रव्य किंवा वनस्पतींचा अर्क आढळला. बेन्झाइल अल्कोहोलसारखा पदार्थ परिरक्षक म्हणूनही घालता येतो आणि सुगंधी द्रव्य म्हणूनही, त्यामुळे तो ‘सुगंध म्हणून घातलेला नाही’ या आधारावर फ्रेग्रन्स-फ्री मालात बसू शकतो. द्रव डिटर्जंटमध्ये मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचे परिरक्षक असू शकते. ते स्वतःच प्रबळ ॲलर्जीकारक आहे आणि त्याचा सुगंधाशी काहीही संबंध नाही. सुगंध काढूनही खाज कायम राहिली असती, तर पुढची पॅच टेस्ट परिरक्षकांची करावी लागली असती. येथे ती वेळ आली नाही.

कोपराची खोबण मात्र त्या हिवाळ्यातही लाल झाली. ते जुने इसब आहे आणि ते सुगंधाने सुरू झाले नव्हते. त्यासाठी मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, आंघोळीनंतर अंग ओले असतानाच, आणि उठावाच्या काळात स्टिरॉइडचे मलम ठरावीक दिवस, असा नेहमीचा उपचार चालू आहे. मॉइश्चरायझरच्या नव्या डब्याची घटकयादी बाई प्रत्येक वेळी वाचतात, कारण नाव तेच ठेवून कंपन्या आतली रचना बदलतात.